के-मॅप: सुरुवात एकट्या घरापासून

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास येतो. चार चलांचे एक बूलियन फल दिलेले असते आणि के-मॅप वापरून ते सर्वांत सोप्या रूपात मांडायला सांगितलेले असते. असा एक प्रश्न पुढे घेतला आहे.

```
F(A, B, C, D) = Σm(१, ५, ६, ७, ११, १२, १३, १५)
```

A, B, C आणि D हे सर्किटमध्ये येणारे चार संकेत आहेत. प्रत्येक संकेत ० किंवा १ असतो, म्हणून त्यांच्या एकूण सोळा स्थिती होतात. चारही अंक याच क्रमाने शेजारी लिहून ते द्विमान संख्या म्हणून वाचले की प्रत्येक स्थितीला ० ते १५ यांपैकी एक क्रमांक मिळतो. कंसातली यादी सांगते की या आठ क्रमांकांच्या स्थितींत सर्किटने १ द्यायचा आहे आणि उरलेल्या आठांत ०. एवढीच माहिती दिलेली असते. पुढचे सारे काम हेच वर्तन कमीत कमी गेट वापरून कसे मिळवायचे हे शोधण्याचे आहे.

काहीही न सुलभ करता उत्तर लिहायचे तर तेही अवघड नाही. पाच म्हणजे ०१०१. A शून्य, B एक, C शून्य, D एक असेल तेव्हाच १ होणारा गुणाकार म्हणजे A'BC'D. इथे अक्षरावरचा स्वल्प म्हणजे त्या संकेताचा उलट, शेजारी लिहिलेली अक्षरे म्हणजे अँड, आणि अधिकचे चिन्ह म्हणजे ऑर. अशी आठ पदे लिहून त्यांची बेरीज केली की फल तयार होते. पण प्रत्येक पदात चार अक्षरे, म्हणजे एकूण बत्तीस अक्षरे होतात. सर्किटमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे अँड गेटच्या एका पायाला जोडलेली एक तार. चार पायांची आठ अँड गेट आणि त्यांच्यापुढे आठ पायांचे एक ऑर गेट एवढा पसारा मांडावा लागतो. खाली हेच फल बारा अक्षरांत बसते. पण तिथवर नेणाऱ्या वाटेवर एक सापळा आहे, आणि हा प्रश्न निवडण्याचे कारण तो सापळाच आहे.

सुलभीकरणाचा सगळा भार एका छोट्या नियमावर आहे.

```
XY + XY' = X
```

दोन पदे बाकी सर्व बाबतींत सारखी असतील आणि एकच अक्षर एकात सरळ, दुसऱ्यात उलट असेल, तर ते अक्षर निरर्थक ठरते. वरच्या यादीतल्या पाच आणि सात या स्थिती पाहाव्यात. ०१०१ आणि ०१११ यांत फक्त C बदलतो. दोन्ही वेळा उत्तर १ असल्यामुळे C काय आहे हे पाहण्याची गरजच उरत नाही. A'BC'D आणि A'BCD ही दोन पदे जाऊन त्यांच्या जागी A'BD हे एकच पद येते. सर्किटमधून एक गेट आणि पाच तारा कमी झाल्या.

हे काम नुसत्या बीजगणितानेही होते. पण कागदावर पसरलेल्या बत्तीस अक्षरांत अशा जोड्या हुडकणे कष्टाचे असते, आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. बीजगणित करणाऱ्याला आपण शेवटाला पोहोचलो की नाही हे कळत नाही. पदे कमी होत जातात, एका टप्प्यावर पुढचे काही सुचत नाही, आणि न सुचणे म्हणजेच सर्वांत सोपे रूप असे मानून थांबावे लागते. नकाशा ही अनिश्चितता घालवतो, कारण त्यात जोड्या शोधाव्या लागत नाहीत. त्या शेजारी बसलेल्या दिसतात.

स्विचांच्या जाळ्याचे वर्तन बूलच्या बीजगणिताने मांडता येते हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली एमआयटीमधल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवले होते. त्यानंतर टेलिफोन केंद्रांची आणि संगणकांची सर्किटे बूलियन समीकरणांत लिहिली जाऊ लागली, आणि ती समीकरणे आखूड करण्याची निकड वाढली. एडवर्ड वीच यांनी १९५२ मध्ये त्यासाठी चौकटींचा एक तक्ता सुचवला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, बेल प्रयोगशाळेतले मॉरिस कार्नॉ यांनी तक्त्यातल्या ओळींचा आणि रकान्यांचा क्रम बदलून त्याला आजचे रूप दिले. बदल दिसायला किरकोळ होता, पण नकाशाचा सारा उपयोग त्या क्रमातच आहे.

चार चलांच्या नकाशात सोळा घरे असतात. A आणि B च्या चार स्थिती ओळींवर, C आणि D च्या चार स्थिती रकान्यांवर. त्यांचा क्रम मात्र ००, ०१, १०, ११ असा मोजणीचा नसतो, तर ००, ०१, ११, १० असा असतो. घरांचे क्रमांक त्यामुळे असे पडतात:

```
AB\CD   ००   ०१   ११   १०
 ००      ०    १    ३    २
 ०१      ४    ५    ७    ६
 ११     १२   १३   १५   १४
 १०      ८    ९   ११   १०
```

मोजणीच्या क्रमात ०१ नंतर १० येतो आणि तिथे दोन अंक एकदम बदलतात. नकाशाच्या क्रमात एका पायरीला एकच अंक बदलतो. बेल प्रयोगशाळेतलेच फ्रँक ग्रे यांच्या नावाने ही मांडणी ग्रे कोड म्हणून ओळखली जाते. तिचा परिणाम असा की नकाशात कड लागून असलेली कोणतीही दोन घरे नेमक्या एकाच चलाने वेगळी असतात. म्हणजे XY आणि XY' या जोडीची बीजगणितातली अट इथे केवळ शेजार बनून समोर येते.

परीक्षेतल्या चुकांत पहिला क्रमांक या क्रमाचाच आहे. घाईत रकाने ००, ०१, १०, ११ असे लिहिले गेले तर पाच आणि सहा ही घरे शेजारी येतात. दोन्हींत १ आहे, म्हणून त्यांची जोडी करण्याचा मोह होतो. पण ०१०१ आणि ०११० यांत C आणि D दोन्ही बदलतात, म्हणून त्यांचे एक पद होऊच शकत नाही. अशी चूक उत्तराच्या तोंडावळ्यावरून ओळखू येत नाही. उत्तर नीटनेटके दिसते आणि तरी चुकीचे असते. म्हणून नकाशा आखल्यावर पहिल्या ओळीत ०, १, ३, २ असे क्रमांक आले आहेत का, आणि तिसरी ओळ ८ ने नव्हे तर १२ ने सुरू होते का, एवढे पाहून घेणे पुरते.

शेजाराची गोष्ट कडांपाशी थांबत नाही. डावीकडच्या रकान्यात CD हे ०० आहे आणि उजवीकडच्या टोकाला १०. या दोन्हींत फक्त C बदलतो, म्हणजे तेही शेजारीच आहेत. वरच्या आणि खालच्या ओळींचे तसेच. कागदाची नळी करून डावी कड उजव्या कडेला चिकटवली तर हा शेजार डोळ्यांना दिसेल. त्यामुळेच चार कोपऱ्यांतली ०, २, ८ आणि १० ही घरे, सपाट कागदावर एकमेकांपासून सर्वांत लांब असूनही, एकाच गटात बसतात.

गट करताना घरांची संख्या १, २, ४, ८ किंवा १६ एवढीच चालते. तीन घरांचा किंवा सहा घरांचा गट का नाही, याचे उत्तर त्याच नियमात आहे. दोन घरांची जोडी एक चल गाळते. तशाच दोन शेजारी जोड्या मिळाल्या की दुसरा चल गळतो आणि गट चारचा होतो. दर दुपटीला एक चल जातो. अधलेमधले काही नसते. चार चलांच्या नकाशात एकट्या घराला चार अक्षरे लागतात, जोडीला तीन, चौकडीला दोन आणि आठच्या गटाला एक. गटाचे पद वाचायचे ते त्या गटात न बदललेल्या चलांवरून. जो चल गटभर १ राहिला तो सरळ लिहायचा, जो ० राहिला तो उलट, आणि जो बदलला तो सोडून द्यायचा.

आता प्रश्नातली आठ घरे नकाशात भरली की चित्र असे दिसते:

```
AB\CD   ००   ०१   ११   १०
 ००      ०    १    ०    ०
 ०१      ०    १    १    १
 ११      १    १    १    ०
 १०      ०    ०    १    ०
```

इथे नजर पहिल्यांदा मधोमध जाते. पाच, सात, तेरा आणि पंधरा या घरांचा चौकोन डोळ्यांत भरतो. गट जितका मोठा तितके पद लहान हे शिकलेले असते, म्हणून हात आपोआप त्या चौकोनाभोवती रेघ ओढतो. गटात B आणि D दोन्ही १ राहतात, म्हणून पद BD. दोनच अक्षरांत चार घरे झाकली गेली. उरली एक, सहा, अकरा आणि बारा ही चार घरे. एकला पाचशी जोडता येते, सहाला सातशी, बाराला तेराशी आणि अकराला पंधराशी. त्यांची तीन-तीन अक्षरांची चार पदे होतात आणि उत्तर लिहिले जाते:

```
F = BD + A'C'D + A'BC + ABC' + ACD
```

हे समीकरण खोटे नाही. सोळाही स्थितींत ते बरोबर उत्तर देते. पण प्रश्न सर्वांत सोप्या रूपाचा होता आणि हे ते रूप नव्हे. नकाशाकडे पुन्हा पाहिले तर कारण दिसते. बाहेरची चार घरे झाकताना प्रत्येक जोडीने मधल्या चौकोनातले एकेक घर सोबत घेतले: एकने पाच, सहाने सात, बाराने तेरा, अकराने पंधरा. चार जोड्या झाल्या तेव्हा मधला चौकोन पूर्ण झाकला गेला होता. BD या पदाकडे स्वतःचे असे एकही घर उरले नाही. ते खोडले तरी फल तेच राहते:

```
F = A'C'D + A'BC + ABC' + ACD
```

हे खरे उत्तर. चार पदे, बारा अक्षरे. पहिल्या उत्तरात चौदा होती.

चूक कुठे झाली हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण ती नियम न पाळल्याने झालेली नाही. मोठा गट करा हा नियम बरोबरच आहे. त्याचा अर्थ एवढाच की एखाद्या घराला झाकायचे ठरले की त्याला सामावणारा शक्य तितका मोठा गट घ्यावा. पण आधी कोणत्या घराकडे पाहायचे हे तो नियम सांगत नाही. ते घराच्या एकटेपणावरून ठरते. या नकाशात पाच या घराला एक, सात आणि तेरा असे तीन शेजारी आहेत. ते झाकण्याचे अनेक मार्ग आहेत, म्हणून त्याची घाई नाही. एक या घराला मात्र पाच हा एकमेव शेजारी आहे. त्याला झाकायचे तर १ आणि ५ ही जोडी घ्यावीच लागणार. उत्तर कोणीही काढले तरी त्यात A'C'D असणारच. सहा, अकरा आणि बारा यांचेही तसेच. जो गट आणखी वाढवता येत नाही त्याला प्राइम इम्प्लिकंट म्हणतात, आणि ज्याच्यावाचून एखादे घर उघडे पडते तो इसेन्शियल. एकट्या घरांपासून सुरुवात केली की हे अटळ गट आधी हाती येतात. ते काढून झाल्यावर काही घरे उघडी उरली तरच पुढच्या गटांची निवड करावी लागते. इथे चार अटळ गटांतच सारे संपले.

हेच फल शून्यांच्या बाजूनेही सोडवता येते, आणि ते करून पाहिले तर या प्रश्नाची घडण किती समतोल आहे ते उमगते. शून्याची आठ घरे म्हणजे ०, २, ३, ४, ८, ९, १० आणि १४. यांत चार कोपऱ्यांची चौकडी लगेच खुणावते, पण कडांना जोडलेली मानून पाहिले तर तीच परिस्थिती पुन्हा उभी राहते. तीनला फक्त दोन हा शेजारी, चारला फक्त शून्य, नऊला आठ, चौदाला दहा. या चार जोड्या घेतल्या की कोपऱ्यांची चौकडी अनावश्यक ठरते. शून्यांच्या गटाचे पद बेरजेचे असते आणि त्यात अक्षरे उलट लिहिली जातात:

```
F = (A+B+C')(A+C+D)(A'+B+C)(A'+C'+D)
```

इथेही बाराच अक्षरे आहेत. दोन्ही रूपांत नेहमी अशी बरोबरी होत नाही. शून्ये थोडी असतील तर त्यांच्या बाजूचे उत्तर बरेचदा आखूड येते, म्हणून प्रश्नात रूप ठरवून दिले नसेल तर दोन्ही काढून पाहणे श्रेयस्कर.

उत्तर तपासण्याची खात्रीची पद्धत म्हणजे उलट वाटेने परत येणे. A'C'D या पदात B नाही, म्हणून B च्या जागी आधी ० आणि मग १ ठेवायचा: ०००१ आणि ०१०१, म्हणजे एक आणि पाच. A'BC मधून सहा आणि सात मिळतात, ABC' मधून बारा आणि तेरा, ACD मधून अकरा आणि पंधरा. सगळे क्रमांक एकत्र केले की मूळ यादी जशीच्या तशी उभी राहायला हवी. यादीतला एखादा क्रमांक आला नाही तर घर झाकायचे राहिले आहे. यादीबाहेरचा आला तर गटात शून्य शिरले आहे. मात्र ही तपासणी उत्तर बरोबर आहे एवढेच सांगते, ते सर्वांत लहान आहे असे नाही. त्यासाठी प्रत्येक पदाला वेगळा प्रश्न विचारावा लागतो: हे पद काढले तर कोणते घर उघडे पडते? BD ला या प्रश्नाचे उत्तर देता आले नव्हते.

उत्तर एकच असते असेही नाही. तीन चलांच्या Σm(०, १, २, ५, ६, ७) या फलात प्रत्येक घराला नेमके दोन शेजारी आहेत. कोणतेच घर एकटे नाही, म्हणून कोणताच गट अटळ नाही. A'B' + BC' + AC हे एक उत्तर आणि A'C' + B'C + AB हे दुसरे. दोन्ही सारखीच लहान आणि दोन्ही बरोबर. अशा वेळी पुस्तकाच्या मागे छापलेले उत्तर वेगळे दिसले म्हणून आपले खोडण्याचे कारण नाही. क्रमांकांची यादी आणि अक्षरांची संख्या जुळते का, एवढेच पाहावे.

प्रत्यक्ष सर्किटांत आणखी एक प्रकारची घरे भेटतात. चार तारांवरून ० ते ९ यांपैकी अंक येतो आणि तो सात पट्ट्यांच्या डिस्प्लेवर दाखवायचा असतो, तेव्हा १० ते १५ या स्थिती कधी येतच नाहीत. त्या सहा घरांत ० असो की १, काही फरक पडत नाही. म्हणून तिथे X लिहितात आणि त्यांना डोन्ट केअर म्हणतात. डिस्प्लेची डावीकडची खालची पट्टी, जिला e म्हणतात, ती ०, २, ६ आणि ८ या अंकांनाच पेटते. तिचा नकाशा असा:

```
AB\CD   ००   ०१   ११   १०
 ००      १    ०    ०    १
 ०१      ०    ०    ०    १
 ११      X    X    X    X
 १०      १    ०    X    X
```

सगळे X शून्य धरले तर सहासाठी दोनशी जोडी आणि आठसाठी शून्याशी जोडी करावी लागते, आणि A'CD' + B'C'D' हे उत्तर येते. पण दहाच्या घरातला X एक धरला की चार कोपरे मिळून B'D' होते, आणि चौदाच्या घरातलाही एक धरला की उजवा रकाना मिळून CD' होतो. उत्तर B'D' + CD'. सहा अक्षरांऐवजी चार. बाकीचे चार X शून्यच राहिले. X ला झाकण्याची सक्ती नसते. गट वाढत असेल तरच तो घ्यायचा. केवळ X पासून बनलेला गट करणे ही नवशिक्याची ठळक चूक, कारण त्या गटाला झाकण्यासारखे काही नसतेच.

या सवलतीची किंमतही असते. X ला एकदा गटात घेतले किंवा वगळले की सर्किटपुरते ते निश्चित झाले. त्या स्थितीत काहीतरी दिसणारच. याच कामासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या ७४४७ या चिपला १० ते १४ या संख्या दिल्या तर डिस्प्लेवर अंकांशी न जुळणाऱ्या विचित्र आकृत्या उमटतात, आणि १५ दिल्यावर तो कोरा राहतो. सीडी ४५११ ही चिप मात्र या सहाही स्थितींत डिस्प्ले कोरा ठेवते. ज्या यंत्रात चुकीची संख्या येण्याची शक्यता असते आणि तिने पाहणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते, तिथे डोन्ट केअरचा फायदा सोडून ती घरे शून्य ठेवणेच योग्य.

आता खोडलेल्या BD कडे परत यावे लागते. नकाशाचे गणित गेटना वेळ लागतच नाही असे मानते. प्रत्यक्षात ७४ मालिकेतल्या गेटला उत्तर बदलायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात. समजा A शून्य आहे, B आणि D एक आहेत, आणि C एकवरून शून्यावर आला. म्हणजे नकाशात सातच्या घरातून पाचच्या घरात जायचे आहे. दोन्हींत १ आहे, म्हणून उत्तर हलायला नको. पण सातच्या घरात हा १ देणारे पद A'BC होते आणि पाचच्या घरात तो A'C'D ला द्यायचा आहे. C पडताच पहिले पद शून्य होते. दुसऱ्या पदाला मात्र C' हवा, आणि तो नॉट गेटमधून जाऊन मग मिळतो. त्या एका गेटच्या विलंबात दोन्ही पदे शून्य असतात आणि उत्तर क्षणभर ० होऊन पुन्हा १ वर येते. या उसळीला ग्लिच म्हणतात आणि ती होण्याच्या शक्यतेला स्टॅटिक हॅझर्ड.

नकाशावर हा धोका आधीच ओळखता येतो. १ असलेली दोन घरे शेजारी असूनही एकाही सामायिक गटात नसतील, तर त्यांच्या सीमेवर हॅझर्ड असतो. चार जोड्यांच्या उत्तरात अशा सीमा चार आहेत: पाच आणि सात, सात आणि पंधरा, पंधरा आणि तेरा, तेरा आणि पाच. या चारही सीमा ज्या एका गटाच्या पोटात येतात तो गट म्हणजे मधला चौकोन, BD. त्यात A ही नाही आणि C ही नाही. ते दोघे कसेही बदलले तरी B आणि D एक असेपर्यंत हे पद उत्तर धरून ठेवते. सर्वांत लहान उत्तर शोधताना जे पद निरर्थक म्हणून काढले, तेच ग्लिच नसलेल्या उत्तरात मुद्दाम ठेवावे लागते.

म्हणून दोन उत्तरांपैकी कोणते घ्यायचे हे फल पुढे कुठे जाते यावर ठरते. ते घड्याळावर चालणाऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या डेटा पायाला जात असेल आणि घड्याळाचा ठोका पडण्याआधी उत्तर स्थिरावत असेल, तर ग्लिचने काही बिघडत नाही. बारा अक्षरांचे रूप पुरेसे आहे. तेच फल एखाद्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकच्या किंवा रीसेटच्या पायाला थेट जोडले असेल, तर काही नॅनोसेकंदांची उसळीही खरा संकेत समजली जाऊ शकते. तिथे चौदा अक्षरांचे रूपच बरोबर. परीक्षेत मात्र स्पष्ट विचारलेले नसेल तर सर्वांत लहान रूपच अपेक्षित असते.

नकाशाची मर्यादा त्याच्या बळाच्याच जागी आहे. तो डोळ्यांवर चालतो आणि डोळ्यांना दिसणारा शेजार लवकर संपतो. पाच चलांसाठी दोन नकाशे एकावर एक ठेवल्याची कल्पना करावी लागते, सहासाठी चार. त्यापुढे घरे दुपटीने वाढत जातात आणि शेजारी ओळखणे हाताबाहेर जाते. विलर्ड क्वाइन यांच्या कामावरून एडवर्ड मॅक्लस्की यांनी १९५६ मध्ये मांडलेली पद्धत हेच काम तक्त्यांनी, डोळ्यांची मदत न घेता करते, म्हणून ती संगणकाला देता येते. तिच्यातही आधी सर्व प्राइम इम्प्लिकंट काढून मग अटळ कोणते ते निवडले जातात.

दुसरी मर्यादा कमी सांगितली जाते. नकाशा अँड आणि ऑर यांच्या दोन थरांपलीकडे पाहत नाही. चारपैकी विषम संख्येने संकेत १ असतील तेव्हाच उत्तर १, असे फल घेतले तर आठ घरांत १ येतो, पण बुद्धिबळाच्या पटावरच्या एकाच रंगाच्या घरांसारखी ती सगळी एकमेकांपासून सुटी पडतात. एकही जोडी होत नाही आणि बत्तीसच्या बत्तीस अक्षरे शिल्लक राहतात. तरी हेच फल तीन एक्स-ऑर गेटनी सहज तयार होते. नकाशावर १ असे तिरपे मांडलेले दिसले की गट शोधण्यात वेळ न घालवता एक्स-ऑर लागू पडतो का ते पाहावे.

एफपीजीए चिपमध्ये तर हिशेबच बदलतो. तिथे चार संकेतांचे फल गेटनी बांधलेले नसते. सोळा उत्तरे साठवलेल्या छोट्या स्मृतीतून ते वाचले जाते. अशा चिपमध्ये बारा अक्षरांचे, चौदा अक्षरांचे आणि बत्तीस अक्षरांचे रूप यांना सारखीच जागा लागते.